बिलातले ४६ पैसे

माल १,२४७ रुपयांचा. त्यावर ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा जीएसटी, प्रत्येकी ११२.२३. बेरीज १,४७१.४६. बिलाच्या तळाशी ‘राउंड ऑफ’ वजा ०.४६ लिहून दुकानदार १,४७१ मागतो.

वहीत मात्र विक्री आणि कर पूर्ण आकड्यांनीच जमा होतात. पैसे करातून कापायचे नाहीत. ग्राहकाच्या नावे १,४७१ आणि ‘राउंड ऑफ’ खात्याच्या नावे ०.४६ टाकले की दोन्ही बाजू जुळतात. ही नोंद राहिली, तर पूर्ण पैसे देऊनही ग्राहकाच्या खात्यावर ४६ पैसे येणे दिसत राहतात.

पुढच्या बिलात पैसे वर गेले, तर ते याच खात्यात जमा होतात. म्हणून वर्षअखेरीची शिल्लक किरकोळच हवी. ती हजारांत दिसली, तर कुणीतरी न जुळलेला फरक तिथे ढकलला आहे का, हे तपासावे.