मुलाखतीत ‘गाईल’ म्हणावं का?

जर्मन शिकणाऱ्यांना व्याकरण वर्गात मिळतं, पण बोलण्याची ढब ते बहुतेक वेळा सिनेमांतून उचलतात. २०१३ साली आलेला ‘फाक यू ग्योटे’ हा विनोदी चित्रपट तर अशा उचलेगिरीला फारच सोयीचा. तुरुंगातून सुटलेला एक चोर आपला पुरून ठेवलेला पैसा काढायला जातो, तर त्या जागेवर शाळेची व्यायामशाळा उभी राहिलेली असते. मग पठ्ठ्या त्या शाळेत शिक्षक म्हणून घुसतो. नावातच एक शिवी आणि मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगनं लिहिलेलं महाकवीचं नाव, म्हटल्यावर आतली भाषा कशी असेल याचा अंदाज यावा. तिथली पोरं ज्या शब्दांवर जगतात त्यांतला एक म्हणजे ‘गाईल’.

अर्थ सोपा वाटतो: भन्नाट, जबरदस्त. सबटायटलमध्येही तेवढंच दिसतं. पण ‘गाईल’चा दुसरा अर्थ आहे कामातुर, आणि तो आजही जिवंत आहे. १९८०च्या दशकात तरुणांनी हा शब्द ‘झकास’ म्हणून सर्रास वापरायला घेतला. २००२ साली तर एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानसाखळीनं ‘चिक्कूपणा म्हणजे गाईल’ अशा आशयाची जाहिरात देशभर झळकवली. त्यामुळे आज तो ऐकून कोणी दचकत नाही. मित्रांमध्ये तरी नाहीच.

खरी मेख वाक्यरचनेत आहे. ‘दास इस्ट गाईल’ म्हणजे ‘हे भारी आहे’. पण उत्साहाच्या भरात कर्ता बदलून ‘इश बिन गाईल’ म्हटलं, तर उमेदवार स्वतःची लैंगिक अवस्था जाहीर करून बसतो. दुसऱ्या शब्दाच्या शेपटीला जोडलं की आणखी निराळं: ‘कारिएरेगाईल’ म्हणजे करिअरसाठी हपापलेला. कौतुक नव्हे, टोमणा.

आता एक प्रसंग धरू. महाराष्ट्रातली एक नर्स जर्मनीतल्या रुग्णालयासाठी व्हिडिओवर मुलाखत देते आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून अशा मुलाखतींची चर्चा आपल्याकडे वाढली आहे. विचारणारी बाई वयानं मोठी आहे आणि ‘झी’ म्हणजे आदरार्थी ‘आपण’ वापरते आहे. प्रश्न येतो: अतिदक्षता विभागातलं काम कसं वाटलं? उत्तरात ‘फॉल गाईल’ आलं, तर अर्थ पोचेल, व्याकरणही बिनचूक असेल. तरी खटका उडेल. कारण सिनेमातली पोरं एकमेकांना ‘डू’ म्हणजे ‘तू’ म्हणतात आणि तो शब्द त्या अरे-तुरेतला आहे. आदरार्थी ‘झी’च्या शेजारी तो ठेवणं म्हणजे ‘साहेब, आपण बसा’ म्हणताना मध्येच ‘यार’ म्हणणं. त्यापेक्षा ‘दास हाट मिअर झेअर गूट गेफालन’, म्हणजे ‘मला ते फार आवडलं’, हे साधं वाक्य शोभतं. पुढे एखादं नेमकं कारण जोडलं की उत्साहही आपोआप दिसतो.

सगळेच बोलीतले शब्द इतके जोखमीचे नाहीत. ‘झुपर’ आणि ‘टोल’ मुलाखतीत बेलाशक चालतात. ‘क्रास’ (म्हणजे ‘बाप रे’ किंवा ‘जबरी’) टाळलेलाच बरा. सगळ्यात घातक ते संबोधनाचे शब्द. ‘आल्टर’, ‘डिगा’ म्हणजे आपलं ‘भावा’, ‘लेका’. ‘गाईल’ कदाचित हसण्यावारी जाईल. समोरच्या अधिकाऱ्याला ‘आल्टर’ म्हणणं तसं जाणार नाही.

मोठी फसगत होते ती ‘बॉक’ या शब्दात. ‘बॉक हाबन’ म्हणजे एखादी गोष्ट करावीशी वाटणं, आणि तरुणांना ओढायला खुद्द कंपन्याच नोकरीच्या जाहिरातीत ‘बॉक आहे का?’ असं विचारतात. जाहिरातीत आहे म्हणून उत्तरातही चालेल असा हिशेब उमेदवार करतो. पण तो जाहिरातवाल्यांचा लाडिकपणा असतो. मुलाखत घेणारा माणूस तीच भाषा बोलेल असं नाही. बर्लिनच्या स्टार्टअपमध्ये पहिल्या मिनिटालाच ‘आपण डू म्हणू या’ असा प्रस्ताव येऊ शकतो. तो आला तर डू वापरावा, पण त्यानं लगेच ‘गाईल’चा परवाना मिळत नाही.

ओळखायचं कसं? जर्मन-जर्मन शब्दकोशात शब्दापुढची खूण पाहावी. ‘उमगांग्सश्प्राखलिश’ म्हणजे रोजच्या बोलण्यातला, ‘झालॉप’ म्हणजे त्याहून सैल, ‘डेर्ब’ म्हणजे रांगडा आणि ‘वुल्गेअर’ म्हणजे अश्लील. पहिल्या खुणेचा शब्दही तोलूनच वापरावा आणि पुढच्या तिन्ही खुणांचे शब्द मुलाखतीपुरते बाजूला ठेवावेत. ‘भन्नाट’ या अर्थाचा ‘गाईल’ ‘झालॉप’मध्ये मोडतो. सिनेमाच्या सबटायटलला अशी खूण नसते, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो.

तरीही तोंडातून निसटलाच, तर घाबरून गप्प बसू नये. ‘एन्टशुल्डिगुंग, इश माइने: झेअर गूट’, म्हणजे ‘माफ करा, फार चांगलं असं म्हणायचं होतं’, एवढं म्हणून पुढे जावं. परक्या भाषेत बोलणाऱ्याचा एखादा शब्द मुलाखत घेणारे सहसा सोडून देतात. तो पुन्हा पुन्हा आला, तर मात्र ते चूक न समजता सवय समजतात.