पाच वर्षांत वसूल? वही वेगळंच सांगते

सोसायटीच्या सभेत छतावरच्या सोलरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: पैसे किती वर्षांत वसूल होणार? समजा खर्च 10 लाख आहे आणि लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या बिलात वर्षाला 2 लाख वाचणार आहेत. 10 ला 2 ने भागलं, 5 वर्षं. हा साधा पेबॅक. भागाकार बरोबर आहे, पण पाच वर्षांनी मिळणारे 2 लाख आणि आजचे 2 लाख त्यात एकाच भावाने मोजले आहेत.

याने किती फरक पडतो, ते कर्ज काढून पाहू. सोसायटीने ते 10 लाख 10 टक्के व्याजाने घेतले आणि दरवर्षीची सगळी बचत बँकेत भरली. पहिल्या वर्षाअखेर व्याजासह देणं 11 लाख. 2 भरले, उरले 9. दुसऱ्या वर्षाअखेर 9.90 होतात, भरून 7.90 उरतात. असं करत पाचव्या वर्षाअखेर, म्हणजे साध्या हिशेबाने सगळं वसूल झालं त्या दिवशी, बँकेचं 3 लाख 89 हजारांचं देणं शिल्लक असतं. ते फिटायला आठव्या वर्षाचे तीनेक महिने उजाडतात.

डिस्काउंटेड पेबॅक हेच उत्तर दुसऱ्या बाजूने काढतो. प्रत्येक वर्षाची बचत आजच्या किमतीत आणायची: पहिल्या वर्षाचे 2 लाख 1.10 ने भागले की 1.82 लाख, दुसऱ्या वर्षाचे दोनदा भागले की 1.65 लाख. पाच वर्षांची बेरीज 7.58 लाखच भरते. सात वर्षांनी ती 9.74 होते आणि आठव्या वर्षी 10 चा टप्पा ओलांडते.

कर्ज न काढता सोसायटीने स्वतःचा निधी घातला तरी हे टळत नाही, कारण त्या ठेवीचं व्याज बुडतं. 7 टक्के दर धरला तर काळ साधारण 6 वर्षं साडेचार महिने येतो. म्हणून सभेत आधी दर विचारावा. बचत वर्षाला 1 लाखच असती तर साधा पेबॅक 10 वर्षं म्हणाला असता. 10 टक्क्यांनी मात्र ते पैसे कधीच वसूल होत नाहीत, कारण वर्षाची बचत व्याजातच जाते.

एक उणीव मात्र दोघांतही आहे: वसुलीनंतरचं काहीच ते मोजत नाहीत. पॅनेल 25 वर्षं चालतात, पण इन्व्हर्टर बहुधा त्याआधीच बदलावा लागतो. त्यासाठी पूर्ण आयुष्याची बचत आणि खर्च आजच्या किमतीत आणून निव्वळ वर्तमान मूल्य काढावं लागतं.