कळा बरोबर, अक्षरे चूक!

संगणकाच्या पडद्यावर कोणी तुम्हाला पुढील तीन शब्द दाखवले, तर त्यांतून काही अर्थ निघेल का?

```
"eCs    knd/eC    [axyfbnr
```

ही कोणती गुप्त लिपी नव्हे. मध्य रेल्वेवरील तीन स्थानकांची ही नावे आहेत: ठाणे, कल्याण आणि डोंबिवली. ती टंकलिखित करणाऱ्याने प्रत्येक कळ अगदी बरोबर दाबली. फक्त कळफलक मराठीवर आणायचे तेवढे तो विसरला!

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाणित केला. त्यात k या कळेवर क, n वर ल, d वर हलन्ताची खूण, / वर य आणि e वर काना असतो. C म्हणजे शिफ्ट धरून दाबलेली c, तिच्यावर ण. आता knd/eC मध्ये एकेका खुणेच्या जागी तिचा मराठी वर्ण ठेवून पाहा. क, ल, हलन्त, य, काना, ण, म्हणजेच कल्याण!

असे का जमते बरे? संगणकाला कळफलक मराठीवर आहे की इंग्रजीवर, एवढ्यावरूनच कोणते अक्षर उमटवायचे ते ठरवावे लागते. स्थिती चुकली तरी बोटांचा क्रम चुकत नाही. चुकीच्या अक्षरांत तो क्रम जसाच्या तसा टिकून राहतो. म्हणून मूळ शब्द नाहीसा झालेला नसतो, नुसता वेष बदलून बसलेला असतो.

कोरिया देशात ही गंमत रोजचीच आहे. तेथील कळफलकावर स्पेसच्या पट्टीशेजारी कोरियन आणि इंग्रजी यांची अदलाबदल करणारी एक वेगळी कळच असते. ती दाबायला विसरले, की पडद्यावर असे काही तरी उमटते:

```
dkssudgktpdy
```

आपण हा शब्द सोडवू या. कोरियन लिपीला हंगुल म्हणतात. राजा सेजोंग याने ती १४४६ साली प्रजेपुढे ठेवली. कळफलकाच्या २६ कळांवर तिची १४ व्यंजने आणि १२ स्वर बसवले आहेत. व्यंजने डाव्या हाताला आणि स्वर बहुतेक उजव्या हाताला. (आपल्या इन्स्क्रिप्टमध्ये बरोबर उलटे! तेथे स्वर डावीकडे आणि व्यंजने बहुतेक उजवीकडे.) आपल्या शब्दात आलेल्या कळा अशा:

```
व्यंजने:  d ㅇ   s ㄴ   g ㅎ   t ㅅ
स्वर:     k ㅏ   u ㅕ   p ㅔ   y ㅛ
```

ㄴ म्हणजे न्, ㅎ म्हणजे ह् आणि ㅅ म्हणजे स्. ㅇ हे व्यंजन मोठे मजेदार आहे. अक्षराच्या आरंभी ते मुके असते आणि शेवटी आले की ‘ङ्’ असा उच्चार देते. स्वरांचे उच्चार अनुक्रमे आ, यॉ, ए आणि यो.

खुणांच्या जागी वर्ण ठेवले, की मिळते ㅇㅏㄴㄴㅕㅇㅎㅏㅅㅔㅇㅛ. मराठीत येथेच काम संपले असते, कारण कोणते व्यंजन कोणाला जोडायचे हे आपण हलन्ताची कळ दाबून स्वतःच सांगतो. हंगुलमध्ये तशी खूण नाही. तेथे दोन-तीन वर्ण एका चौकोनात रचून एक अक्षर होते, आणि एक चौकोन संपून दुसरा कोठे सुरू झाला हे कोणतीही कळ सांगत नाही. ते आपल्याला शोधून काढावे लागते.

त्यासाठी एक नियम पुरतो. प्रत्येक चौकोनात आधी व्यंजन, मग स्वर आणि हवे असल्यास शेवटी आणखी व्यंजन असते. म्हणून पहिल्याने स्वर शोधा. ते आहेत k, u, k, p, y. म्हणजे चौकोन पाच. प्रत्येक स्वराच्या लगेच आधीचे व्यंजन त्याच्याच चौकोनाचे. त्यामुळे dk, su, gk, tp, dy अशा पाच जोड्या पडल्या. उरले एक s आणि एक d. यांच्यामागून स्वर येत नाही, म्हणून ती आपापल्या मागच्या चौकोनात शेवटी बसतात:

```
dks   sud   gk   tp   dy
안    녕    하   세   요
```

‘आन्न्यॉङ् हासेयो’, म्हणजे कोरियन ‘नमस्कार’! यातल्या t कडे पुन्हा एकदा पाहा. gk च्या मागोमाग ते आले, तेव्हा ते त्याच चौकोनाचे शेवटचे व्यंजन असेल असे वाटते. पुढे p हा स्वर दिसल्यावरच ते पुढच्या चौकोनात जाते. कोरियन टंकलेखनात संगणकही हेच करतो. अक्षराला जोडलेले व्यंजन पुढचा स्वर येताच पडद्यावर उडी मारून पुढे जाताना दिसते. काही स्वर आणि काही शेवटची व्यंजने दोन कळांनी बनतात. तेथे थोडी अधिक काळजी घ्यावी लागते, पण रीत हीच.

मात्र आधी एक प्रश्न सोडवायला हवा. समोरचा शब्द खरोखर बिघडलेला कोरियन आहे, की साधा इंग्रजी? यासाठी तो हंगुलमध्ये बदलून पाहावा. school हा शब्द बदलला, तर आरंभीच्या s ला स्वर मिळत नाही आणि शेवटच्या l या स्वराला व्यंजन मिळत नाही. वर्ण असे एकटे पडू लागले, की शब्द कोरियन नव्हे असे समजावे. उलट dkssudgktpdy मध्ये एकही वर्ण एकटा उरला नाही. पण लहान शब्द फसवतात. go चे होते 해, म्हणजे सूर्य, आणि to चे होते 새, म्हणजे पक्षी! दोन्ही इंग्रजीतही खरे आणि कोरियनमध्येही खरे. अशा वेळी शेजारचे शब्द पाहण्यावाचून दुसरा उपाय नाही.

आणि एक वस्तू हरवली, तर मूळ शब्द परत मिळण्याची खात्री राहत नाही. ती म्हणजे शिफ्टची खूण. dlTek म्हणजे 있다, अर्थ ‘असणे’. कोणी नीटनेटकेपणासाठी सगळी अक्षरे लहान केली, की होते dltek. त्यातून निघतो 잇다, अर्थ ‘जोडणे’. दोन्ही शब्द कोशात आहेत, दोन्हींचा उच्चारही ‘इत्ता’ असाच होतो! मग चूक झाली आहे हे कळणार कसे? मराठीत आपण बरे सुटतो. knd/eC मधली C लहान झाली तर ‘कल्याम’ मिळते, आणि असे स्थानक नाही हे आपल्याला लगेच कळते. म्हणून बिघडलेला मजकूर सोडवायचा असेल, तर आधी त्यातील एकही अक्षर लहान-मोठे करू नये.

ही सारी युक्ती कळ आणि वर्ण यांची जोडी ठरलेली असते तेथेच चालते. पुष्कळ जण thane असे रोमन अक्षरांत लिहून ‘ठाणे’ मिळवतात. त्यांची स्थिती चुकली, तर पडद्यावर thane एवढेच राहते. तेथे सोडवण्यासारखे कोडे उरत नाही.

आता तुमच्यासाठी दोन कोडी. पहिले मराठी, Gnduemvij. यात G म्हणजे उ, u म्हणजे ह, m म्हणजे स, v म्हणजे न, i म्हणजे ग आणि j म्हणजे र. बाकीच्या कळा वर आल्याच आहेत. दुसरे कोरियन, gksrmf. यात r म्हणजे ㄱ (ग्), f म्हणजे ㄹ (ल्) आणि m हा ㅡ स्वर, उच्चार ‘उ’च्या जवळचा. आधी स्वर शोधा, मग चौकोन पाडा.

(उत्तरे: कल्याणशेजारचे उल्हासनगर, आणि 한글, म्हणजे ‘हंगुल’.)