न वटलेला चेक

गिरणीतला किंवा कारखान्यातला माणूस पैशाचा व्यवहार रोखीने करण्यात वाढलेला. त्यामुळे मालकाने सहीचा चेक हातात ठेवला की पैसेच मिळाले, असे त्याला वाटते. तो चेक बँकेतून परत आला म्हणजे आमच्या युनियनच्या कचेरीची पायरी चढली जाते. वकिली आम्ही शिकलेलो नाही. परंतु असे कागद हाताळता हाताळता जे समजले ते आज आपल्यापुढे मांडीत आहोत.

पूर्वी न वटलेल्या चेकवर दिवाणी दावा लावायचा, नाहीतर फसवणुकीचा हेतू शाबीत करायचा, एवढाच मार्ग होता. १८८१ च्या पराक्रम्य लेखांच्या कायद्यात कलम १३८ घातले गेले आणि १ एप्रिल १९८९ पासून हा फौजदारी गुन्हा झाला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र चेक परत आला एवढ्याने गुन्हा पुरा होत नाही. नोटीस पोचून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, म्हणजे तो पुरा होतो. सारी ठेच लागते ती या दिवसांच्या मोजणीत.

एक प्रकरण सांगतो. एक लहान कारखाना बंद झाला. तिथल्या लेथवरच्या कामगाराला थकलेल्या पगारापोटी ७२,००० रुपयांचा, १० जानेवारी तारखेचा चेक मिळाला. २० जानेवारीला तो ‘शिल्लक अपुरी’ या शेऱ्यानिशी परत आला. मालक म्हणाले, “आठ दिवस थांब.” हा भला माणूस सहा आठवडे थांबला! बँकेकडून चेक परतल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मुदत १९ फेब्रुवारीला संपली होती, आणि हा आमच्याकडे आला ४ मार्चला.

तरी सारे बुडाले नव्हते. चेक त्याच्या तारखेपासून तीन महिने चालतो आणि तेवढ्या काळात तो पुन्हा भरता येतो. दुसऱ्यांदा परत आला की तीस दिवस नव्याने मिळतात. आम्ही तो लगेच भरावयास लावला; ८ मार्चला बँकेचा परतीचा मेमो मिळाला. हा मेमो जपून ठेवावा. ‘खाते बंद’ किंवा ‘पैसे देणे थांबवा’ असा शेरा असला तरी बिचकू नये. तेवढ्याने चेक काढणारा सुटत नाही.

नोटिशीचा पहिला मसुदा कामगाराच्या पुतण्याने केला होता. त्यात ग्रॅच्युइटी धरून “एकूण १,१३,००० रुपये द्यावेत” असे होते. आम्ही तो बाजूला ठेवला. मागणी चेकच्या रकमेचीच हवी. इतर येणे लिहायचेच तर निराळे दाखवावे, पण ७२,००० चा आकडा स्वतंत्र, स्पष्ट दिसला पाहिजे. सारे एकात कालवले तर पुढे सगळी फिर्याद त्यावर फेटाळली जाऊ शकते. ग्रॅच्युइटीसाठी आम्ही वेगळा अर्ज केला.

दुसरी गोष्ट, नोटीस कोणाला? खाते कंपनीचे, सही संचालकाची. तेव्हा नोटीस कंपनीच्या नावे आणि सही करणाऱ्याच्याही नावे पाठविली. पुढे फिर्यादीत कंपनीला आरोपी केले नाही, तर एकट्या संचालकावर खटला टिकत नाही. कारभार पाहणारे इतरही जबाबदार धरता येतात. पण नुसते नाव कागदावर आहे म्हणून ज्याला त्याला गोवू नये.

१२ मार्चला स्पीड पोस्टाने धाडलेली नोटीस १७ मार्चला पोचली. तो दिवस सोडून पंधरा दिवस १ एप्रिलला भरले. २ एप्रिलपासून फिर्यादीचा हक्क आला आणि महिन्याची मुदत २ मेपर्यंत धरली. पंधरा दिवस भरण्याआधी केलेली फिर्याद चालत नाही. उतावळेपणाही इथे आळसाइतकाच नडतो. महिना उलटला तर उशिराचे सबळ कारण कोर्टाला पटवावे लागते.

ज्या शाखेत कामगाराचे खाते, त्या हद्दीतल्या मॅजिस्ट्रेटकडे १० एप्रिलला फिर्याद दाखल झाली. सोबत मूळ चेक, मेमो, नोटिशीची प्रत आणि पोचल्याचा पुरावा. चेक कायदेशीर देण्यापोटीच दिला असे कोर्ट गृहीत धरते; तसे नव्हते हे दाखविण्याचा भार आरोपीवर. देणगी म्हणून दिलेल्या चेकला मात्र हे कलम लागत नाही. आरोपीने गुन्हा नाकारल्यावर चेकच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देवविण्याचा अधिकार २०१८ पासून कोर्टाला आहे. ती मिळेलच असे नाही.

समन्स लागल्यावर मालकाचा निरोप आला की तडजोड करू. कायदा तिला मुभा देतो. त्यांनी पुन्हा चेकच पुढे केला. आमच्या माणसाने हात मागे घेतला आणि रक्कम कोर्टात भरा म्हणून सांगितले. ७२,००० रुपये दोन हप्त्यांत कोर्टात जमा झाले. दुसरा हप्ता हातात पडल्यावरच त्याने तडजोडीच्या कागदावर सही केली.