देखण्या चेहऱ्याला कुणी कागद मागत नाही

‘इन्स्पेक्टर झेंडे’ हा चित्रपट आल्यापासून मधुकर झेंडे यांचं नाव पुन्हा घरोघरी पोहोचलं आहे, आणि ते योग्यच झालं. कुख्यात ठग चार्ल्स शोभराजला 1971 मध्ये मुंबईत आणि तिहारमधून पळाल्यावर 1986 मध्ये गोव्यात, पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ हॉटेलात पकडणारा हा मराठी अधिकारी. चित्रपटाने खलनायकाचं नाव बदललं आणि गोष्ट हसतखेळत सांगितली. मला मात्र झेंड्यांपेक्षा शोभराजच्या गिऱ्हाइकांबद्दल जास्त कुतूहल आहे.

1976 सालची दिल्ली. विक्रम हॉटेलात उतरलेल्या फ्रेंच विद्यार्थ्यांच्या मोठ्या गटाशी एका रुबाबदार, फाडफाड फ्रेंच बोलणाऱ्या माणसाची ओळख झाली होती. पोट बिघडू नये म्हणून त्याने त्यांना गोळ्या दिल्या आणि त्यांनी त्या घेतल्या. गुंगीचा अंमल अपेक्षेपेक्षा लवकर चढला, मुलं धडाधड कोसळू लागली, तेव्हा शुद्धीवर असलेल्या काहींना डाव उमगला आणि शोभराज तिथेच सापडला. ही मुलं अडाणी नव्हती. पण तुम्ही डॉक्टर आहात का, एवढं विचारण्याची गरज त्यांना वाटली नाही.

परदेशी पर्यटकांची गोष्ट म्हणून ती बाजूला ठेवू नका. जुलै 2024 मध्ये नालासोपाऱ्यातल्या एका महिलेच्या तक्रारीवरून आपल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिसांनी कल्याणहून एकाला अटक केली. विवाहविषयक संकेतस्थळावरून ओळख, लग्नाचा शब्द, मग पैसे आणि वस्तू घेऊन पोबारा, असा आरोप. त्याने वीसहून जास्त बायकांना असं फसवल्याचं पोलिसांनी सांगितलं आणि सगळे मथळे त्या आकड्यावरच अडले. बाई भोळी होती, हा निकाल लोकलच्या डब्यातही लागला. अशा संकेतस्थळावर ओळख कशापासून सुरू होते? एक फोटो आणि चार ओळी. तिथे फोटो आपल्या डोक्यात काय करतो, हे पाहिलं तर भोळेपणाचं हे स्पष्टीकरण फार तोकडं वाटू लागतं.

मानसशास्त्रात याला हॅलो इफेक्ट म्हणतात. माणसाचा एक गुण डोळ्यात भरला की न पाहिलेले बाकीचे गुणही आपण त्याच्या पदरात टाकतो. 1972 मध्ये कॅरन डायन, एलन बर्शाइड आणि इलेन वॉल्स्टर यांनी अमेरिकेत साठ विद्यार्थ्यांना अनोळखी माणसांचे फोटो दाखवले. देखणी माणसं विद्यार्थ्यांना स्वभावाने चांगली, संसारात सुखी आणि नोकरीत पुढे जाणारी वाटली. हा प्रयोग सगळेच सांगतात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते ॲलिस ईगली आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये केलेलं काम. तोवरचे असे अनेक अभ्यास त्यांनी एकत्र मांडले, तेव्हा दिसलं की ही मेहरबानी सगळ्या गुणांवर सारखी होत नाही. देखणा माणूस मिळूनमिसळून वागणारा असेल, हे आपण सर्वांत सहज मानतो. बुद्धिमान असेल, हे त्याहून कमी. आणि प्रामाणिक किंवा दुसऱ्याची काळजी करणारा असेल, असं मानण्याचा परिणाम तर जवळजवळ दिसतच नाही.

म्हणजे देखण्यांवर आपण डोळे मिटून विश्वास टाकतो, हे लोकप्रिय विधान जरा सैलच आहे. पण ठगाला तुमच्याकडून प्रामाणिकपणाचं प्रशस्तिपत्र कुठे हवं असतं? त्याला हवं असतं तुमचं उत्तर, मग दुसरा मेसेज, मग एक फोन. हा माणूस बोलायला बरा आहे, एवढं तुमच्या मनात आलं की त्याचं अर्धं काम झालं. पुढचा विश्वास तो बोलून कमावतो. चेहरा दार उघडून देतो, आणि घरात आलेल्या पाहुण्याला ओळखपत्र मागणं आपल्याकडे उद्धटपणाचं समजतात.

हॅरल्ड सिगॉल आणि नॅन्सी ऑस्ट्रोव्ह यांचा 1975 चा प्रयोग याच जागी बोट ठेवतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. 120 विद्यार्थ्यांना एका काल्पनिक स्त्रीच्या गुन्ह्याची हकीकत वाचायला दिली आणि किती वर्षांची शिक्षा द्याल, असं विचारलं. काहींच्या कागदावर देखणा फोटो होता, काहींच्या बेताच्या रूपाचा, काहींच्या कागदावर फोटोच नव्हता. अर्ध्यांच्या हकीकतीत तिने घरफोडी केली होती. उरलेल्यांच्या हकीकतीत एका मध्यमवयीन अविवाहिताशी सलगी करून, अस्तित्वातच नसलेल्या कंपनीत त्याचे पैसे गुंतवायला लावले होते. दोन्हीकडे रक्कम तीच, 2200 डॉलर. घरफोडीसाठी देखणीला सरासरी 2.8 वर्षं शिक्षा मिळाली, बेताच्या रूपाच्या बाईला 5.2. निम्म्याच्या जवळपास सूट! फसवणुकीत मात्र देखणीला 5.45 वर्षं आणि दुसरीला 4.35. हा उलटा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणण्याइतका मोठा नव्हता, पण सूट पार गेली हे नक्की. रूप हेच गुन्ह्याचं हत्यार होतं, हे समोर लिहिलेलं दिसलं की आपलं माप ताळ्यावर येतं. अडचण एवढीच की संकेतस्थळावरच्या फोटोखाली हकीकत लिहिलेली नसते.

मग आपणच सावध राहू, असं कुणी म्हणेल. माझा त्यावर फारसा भरवसा नाही. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी 1977 मध्ये विद्यार्थ्यांना एकाच प्राध्यापकाच्या दोन चित्रफितींपैकी एक दाखवली. एकीत तो आपुलकीने बोलत होता, दुसरीत तुसडेपणाने. दिसणं तेच आणि परदेशी उच्चारही तेच. तुसडा प्राध्यापक पाहिलेल्यांना त्याचं रूप आणि उच्चारसुद्धा खटकले. वर, आपल्या नावडीचा या मताशी संबंध नाही, असं ते सांगत होते, आणि उच्चार खटकले म्हणूनच माणूस आवडला नाही, असा काहींचा समज होता. आता तर फोटोवर फिल्टरही असतात. 462 चेहऱ्यांवरच्या 2024 च्या एका अभ्यासात, फिल्टर लावलेला तोच चेहरा लोकांना जास्त हुशार आणि जास्त विश्वासू वाटला.

त्यामुळे उपाय मनाच्या निग्रहाचा नाही, क्रमाचा आहे. एडवर्ड थॉर्नडाइकने 1920 मध्ये सैन्याधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले, तर शरीरयष्टी, बुद्धी आणि चारित्र्य यांचे आकडे संशय यावा इतके एकमेकांना चिकटलेले निघाले. डॅनियल काहनमन यांनी उत्तरपत्रिका तपासताना यावर तोड काढली होती. एका मुलाचा पूर्ण पेपर सलग तपासायचा नाही. सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी, मग सगळ्यांचा दुसरा. स्थळं पाहतानाही हे जमतं. घरातल्या एकाने फोटो काढून ठेवून नुसती माहिती पुढे करायची. प्रत्येक स्थळाला तेच प्रश्न विचारायचे, आणि प्रत्येक प्रश्नाला एक कागद. घटस्फोटित असेल तर हुकूमनाम्याची प्रत, न्यायालयाचं नाव, खटल्याचा क्रमांक. तो क्रमांक ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. नुसत्या नावाने शोधू नये, स्पेलिंग बदललं की शोध फसतो. नोकरी सांगितली असेल तर त्याने दिलेल्या नंबरवर नाही, कार्यालयाच्या जाहीर नंबरवर फोन करायचा.

एक खूण घरच्यांना बाहेरून दिसते. समोरच्याच्या सांगण्यात विसंगती आली आणि तिचा खुलासा त्याने करण्याआधी आपल्याच माणसाने केला, ‘कामात असेल हो, म्हणून पत्ता द्यायचा राहिला’, की फोटोचं काम सुरू झालं आहे. अशा वेळी वाद घालू नये. पत्ता मागावा, आणि तो मिळेपर्यंत एक रुपयाही हलवू नये.