साच्याचा घसारा आणि बदललेला अंदाज

प्लास्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजेक्शन मोल्डिंगचा साचा वर्षांनी नव्हे, शॉटनी झिजतो. साचा एकदा बंद होऊन उघडला की एक शॉट झाला. यंत्र महिनाभर बंद असेल तर साच्याची झीज जवळजवळ होत नाही, आणि तीन पाळ्या चालल्या तर ती भरभर होते. अशा मालमत्तेचा घसारा दरवर्षी सारखाच दाखवणे वस्तुस्थितीला धरून होत नाही. त्यासाठी उत्पादन एकक पद्धत आहे. तीत मालमत्तेचे आयुष्य काळात न मोजता तिच्याकडून अपेक्षित असलेल्या एकूण उत्पादनात मोजतात. कंपनी कायदा, 2013 च्या दुसऱ्या अनुसूचीतही उपयुक्त आयुष्याची व्याख्या करताना काळाबरोबरच उत्पादनाच्या एककांचा उल्लेख आहे. मात्र येथे नगसंख्या मोजायची असते, विक्रीचे रुपये नव्हेत. भाव वाढल्याने साचा अधिक झिजत नाही.

समजा, एका साच्याची किंमत 21 लाख रुपये आहे. तो निकामी झाल्यावर त्याच्या पोलादाचे 1 लाख रुपये येतील आणि तोवर 10 लाख शॉट निघतील, असा अंदाज आहे. म्हणजे 20 लाख रुपये 10 लाख शॉटवर वाटायचे. दर शॉटला घसारा 2 रुपये. पहिल्या वर्षी अडीच लाख शॉट झाले, घसारा 5 लाख. दुसऱ्या वर्षी साडेतीन लाख झाले, घसारा 7 लाख. दोन वर्षांत 12 लाख रुपये खर्ची पडले आणि साच्याचे पुस्तकी मूल्य 9 लाखांवर आले.

तिसऱ्या वर्षाच्या आरंभी टूलरूमने साचा तपासला. काचतंतू मिसळलेले नायलॉन पोलादाला अपेक्षेपेक्षा जास्त घासत होते. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली कड झिजली होती आणि नगांच्या कडेला फ्लॅश, म्हणजे प्लास्टिकची पातळ जादा पापडी, दिसू लागली होती. एकूण आयुष्य साडेआठ लाख शॉटच भरेल असा नवा अंदाज निघाला. सहा लाख होऊन गेलेले असल्याने उरले अडीच लाख.

आता मागच्या दोन वर्षांच्या हिशेबाला हात लावायचा नसतो. तो त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर प्रामाणिकपणे केलेला होता, आणि नवी माहिती आल्याने तो चुकीचा ठरत नाही. उरलेली रक्कम उरलेल्या शॉटवर वाटायची, एवढेच करायचे. पुस्तकी मूल्य 9 लाख, त्यातून भंगाराचे 1 लाख वजा केले की 8 लाख राहतात. त्यांना अडीच लाखांनी भागले की नवा दर 3 रुपये 20 पैसे येतो. तिसऱ्या वर्षी दीड लाख शॉट झाले तर घसारा 4 लाख 80 हजार. जुन्या दराने तो 3 लाख झाला असता. 1 लाख 80 हजारांचा हा फरक मोठा मानला गेला, तर तो हिशेबाच्या टिपांत सांगावा लागतो.

गफलत बहुधा भागाकारात होते. मूळ 20 लाखांना साडेआठ लाखांनी भागून सुमारे 2 रुपये 35 पैसे हा दर काढला जातो आणि तोच पुढे लावला जातो. अडीच लाख शॉट संपल्यावर त्या दराने 5 लाख 88 हजारच खर्ची पडतात, आणि निकामी साचा पुस्तकात 3 लाख 12 हजारांना शिल्लक राहतो. नवा दर ठरवताच तो उरलेल्या शॉटनी गुणून पाहावा. शेवटी भंगाराचीच किंमत उरली पाहिजे. दुसरी गफलत म्हणजे पहिल्या सहा लाख शॉटवरचे दर शॉटला 35 पैसे एकदम चालू वर्षात टाकणे. त्यामुळे मागच्या उत्पादनाचा खर्च या वर्षीच्या नगांवर बसतो आणि नगाची किंमत काढताना घोळ होतो.

साचा बनवणाऱ्याने सुरुवातीलाच साडेआठ लाख शॉट लेखी कळवले होते आणि तो कागद कुणी पाहिलाच नाही, असे निघाले तर गोष्ट वेगळी. तो अंदाजातला बदल नव्हे, चूक आहे. भारतीय लेखा मानक 8 लागू असलेल्या कंपनीत ती चूक महत्त्वाची असेल तर मागच्या वर्षांचे आकडे दुरुस्त करावे लागतात. म्हणून नव्या अंदाजामागचे कारण, तपासणीची तारीख आणि शॉटमोजणीचा आकडा टूलरूमच्या नोंदीत हवा. लेखापरीक्षक हेच पाहतो, की ही माहिती तेव्हा उपलब्ध होती का.

या पद्धतीची मर्यादाही शॉटमोजणीतच आहे. साचा बंद असेल तर घसारा शून्य दिसतो. पण ज्या गाडीचा भाग त्यात बनतो ते मॉडेल बाजारातून जाणार असेल, तर साचा न झिजताही निरुपयोगी होतो. म्हणून भारतीय लेखा मानक 16 प्रमाणे आयुष्य आणि अवशिष्ट मूल्य किमान दर वर्षअखेरीस तपासायचे असते. त्या तपासणीत टूलरूमइतकेच विक्री विभागालाही विचारावे लागते: मागणी अजून दोन लाख नगांचीच असेल, तर साचा अडीच लाख शॉट टिकला तरी 8 लाख रुपये दोन लाखांवरच वाटायचे, आणि दर होतो 4 रुपये.