शोधनिबंधातली जात, भाषणातली जात

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वीस वर्षांनी, १९३६ मध्ये, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी त्यांनी अध्यक्षीय भाषण लिहिलं. त्यातला मजकूर आयोजकांना पचला नाही आणि परिषद रद्द झाली, तेव्हा बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच छापलं. लेखक तोच आणि विषयही तोच असला, तरी पटवून देण्याची रीत दोन्हीकडे वेगळी आहे.

ही रीत समजून घ्यायला अॅरिस्टॉटलची जुनी विभागणी उपयोगी पडते. बोलणाऱ्याबद्दल वाटणारा विश्वास म्हणजे इथॉस, ऐकणाऱ्याच्या मनात जागवलेली भावना म्हणजे पॅथॉस आणि युक्तिवाद म्हणजे लोगॉस. भावनेचा सविस्तर अभ्यास करणाऱ्या अॅरिस्टॉटलनेच एक इशाराही दिला होता. न्याय देणाऱ्याला आधीच राग किंवा दया आणून वळवणं म्हणजे ज्या पट्टीने मापायचं तीच वाकवणं, असं त्याचं म्हणणं होतं. अथेन्सच्या अॅरिओपॅगस न्यायालयात विषय सोडून बोलायला मनाई आहे, याचा दाखलाही त्याने दिला.

कोलंबियातला निबंध ही पट्टी सरळ ठेवतो. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या तो आधी मांडतो, त्यांतलं ग्राह्य घेतो आणि उणीव दाखवतो. विद्वत्सभेत विश्वास असा मिळवावा लागतो. मग मुख्य युक्तिवाद येतो. जातीबाहेर लग्न करायचं नाही हे जातीचं मूळ लक्षण मानलं, तर जातीत लग्नाच्या वयाच्या स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या सारखी राहायला हवी. नवरा मेला की एक स्त्री ‘अतिरिक्त’ होते. ती जातीबाहेर लग्न करील, नाहीतर जातीतल्या एखाद्या कुमारिकेच्या वाट्याचा वर घेईल. म्हणून तिला नवऱ्याबरोबर जाळायचं किंवा सक्तीचं वैधव्य लादायचं. बायको मेलेल्या पुरुषाला जाळणं समाजाला परवडत नाही, म्हणून त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी द्यायची. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींचा उलगडा असा एकाच सूत्रातून होतो.

या मांडणीत एकाही विधवेचा आक्रोश नाही. स्वतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेला लेखक आपला अनुभव पुराव्यात घेत नाही. शास्त्राच्या प्रांतात भावनेला थारा नको, असं तो शेवटी स्पष्ट सांगतो आणि आपला सिद्धांत टिकत नाही असं दिसलं तर तो सोडून द्यायची तयारीही दाखवतो.

या बंधनामागे ठोस कारण आहे. संख्येचा युक्तिवाद कुणीही पुन्हा करून पाहू शकतो आणि कडी तुटली असेल तर बोट ठेवू शकतो. माझ्या डोळ्यांत आलेलं पाणी दुसऱ्याला असं तपासता येत नाही. शिवाय भावना दोन्ही बाजूंना सारखीच राबते. धर्म बुडाला म्हणून कळवळणारा सनातनीही श्रोत्यांना रडवू शकतो, पण त्याने त्याचं म्हणणं खरं ठरत नाही.

लाहोरच्या भाषणात मात्र बाबासाहेब आरंभीच आपल्या अध्यक्षपदाचा प्रश्न काढतात. अस्पृश्याला व्यासपीठावर बसवलं हे अनेकांना रुचणार नाही, हे ते उघड बोलतात. विश्वासाची अडचण श्रोत्यांच्या मनातच असल्यामुळे ती आधी बाहेर काढणं भाग होतं. पुढे पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला बांधावा लागणारा झाडू आणि गळ्यातलं थुंकीचं मडकं येतं. इंदूर भागातल्या बलाई लोकांवर सवर्णांनी लादलेल्या अटी येतात. त्यांनी जरीकाठी पागोटी घालायची नाहीत आणि त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, असं फर्मान होतं. नकार दिल्यावर त्यांना विहिरी बंद झाल्या आणि शेवटी गाव सोडावं लागलं.

हे वाचताना संताप येतो आणि तो यावा असाच लेखकाचा हेतू आहे. पण बलाईंची हकिगत १९२८ च्या वृत्तपत्रातल्या बातमीवर आधारलेली आहे. सामाजिक सुधारणेआधी राजकीय सत्ता मागणाऱ्यांना ती नेमका सवाल करते. जाती म्हणजे नुसती श्रमविभागणी नव्हे, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हा युक्तिवाद याच भाषणात कुठल्याही हकिगतीच्या आधाराशिवाय उभा राहतो.

यातून वाचकाला एक कसोटी मिळते. भाषणातून भावनिक विशेषणं काढून टाकावीत आणि दावा उरतो का ते बघावं. उरला, तर भावनेने पुराव्याचं वजन लोकांपर्यंत पोचवलेलं असतं. काहीच उरलं नाही, तर भावनेने पुराव्याची जागा बळकावलेली असते. या शिस्तीची किंमतही आहे. १९१६ चा निबंध वाचून बालविवाह का टिकला ते कळतं, पण तो मोडायला कुणी उठेलच असं नाही. अन्याय करणाऱ्या समाजालाच बदलायला सांगायचं होतं, म्हणून १९३६ मध्ये बाबासाहेबांना वेदना मांडावी लागली आणि तिच्याबरोबर त्यांनी पुरावाही ठेवला.